पोफळी ते जयगड : भार कोण किती उचलतो?

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, पोफळीच्या डोंगराच्या पोटात, कोयना प्रकल्पाची जनित्रे गेली सहा दशके फिरत आहेत. त्याच रत्नागिरी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, जयगडच्या बंदरालगत, प्रत्येकी ३०० मेगावॉटचे चार औष्णिक संच २०१० आणि २०११ मध्ये एकामागोमाग सुरू झाले. मध्ये गुहागर तालुक्यात अंजनवेलला एन्रॉनची आठवण जागी ठेवणारा वायू प्रकल्प आहे. पाणी, कोळसा आणि वायू अशी तीन वेगळी इंधने, तीन वेगळे मालक. त्यांचे नियंत्रण कक्षही एकमेकांशी बोलत नाहीत. तरीही देशाच्या दुसऱ्या टोकाला एखादे मोठे जनित्र अचानक बंद पडले, तर कोणी फोन उचलण्याच्या आत पोफळीचा पाण्याचा झोत थोडा वाढायला हवा आणि जयगडची वाफेची झडप थोडी उघडायला हवी. तीही प्रत्येकाने आपापल्या कुवतीच्या प्रमाणात. हे काम ज्या यंत्रणेवर सोपवलेले असते तिला गव्हर्नर म्हणतात. मराठी वाचकाला गव्हर्नर म्हटले की राजभवन किंवा रिझर्व्ह बँक आठवते. हा गव्हर्नर मात्र टर्बाइनच्या शेजारी बसलेला असतो आणि त्याचे सारे लक्ष एकाच गोष्टीवर असते, ती म्हणजे आपले चाक किती वेगाने फिरते आहे.

हा वेग म्हणजेच विजेची वारंवारता. औष्णिक केंद्रातील टर्बाइन सामान्यतः मिनिटाला ३००० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ५०. म्हणून आपली वीज ५० हर्ट्झची. जलविद्युत जनित्रावर चुंबकीय ध्रुव जास्त असतात, त्यामुळे ते सावकाश फिरूनही तेवढीच वारंवारता देते. एका वीजजाळ्याला जोडलेली सगळी जनित्रे जणू एकाच अदृश्य दांड्यावर बसवलेली असतात. मागणी निर्मितीपेक्षा वाढली की ती तूट क्षणभर या फिरत्या लोखंडाच्या वेगातून भरून निघते आणि सगळीच चाके किंचित मंदावतात. मागणी घटली की सगळी किंचित वेगावतात. तराजूचा हा काटा पोफळीला, जयगडला आणि काश्मीरलाही जवळजवळ एकाच वेळी हलतो. डिसेंबर २०१३ च्या अखेरीस रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाला जोडले गेले, तेव्हापासून साऱ्या देशाचा काटा एकच आहे.

काटा सगळ्यांना दिसतो, हे ठीक. पण तो हलल्यावर कोणी किती धावायचे? वेग कमी झाला की इंधन वाढवा आणि वेग नेमका ५० वर येईपर्यंत थांबू नका, असा हुकूम प्रत्येक गव्हर्नरला देणे सर्वात सोपे वाटते. जनित्र एकटेच असेल तर हा हुकूम चालतो. दोन जनित्रे एकत्र जोडली की तो मोडतो. एका गव्हर्नरच्या मोजमापात केसभर चूक असते, त्याला ५०.०० दिसते तेव्हा शेजाऱ्याला ५०.०१ दिसते. पहिला इंधन वाढवत राहतो, दुसरा कमी करत राहतो. काही वेळाने एकावर सगळा भार आणि दुसरा रिकामा, अशी अवस्था येते. दोघेही आपापल्या हुकुमाचे इमानाने पालन करत असतात, त्यामुळे भांडण मिटण्याची शक्यता नसते.

त्यावरचा उपाय जुना आहे आणि वरवर पाहता उलटा वाटतो. प्रत्येक जनित्राने भार वाढेल तसा आपला वेग थोडा खाली येऊ द्यायचा. या मुद्दाम ठेवलेल्या उताराला अभियंते ‘ड्रूप’ म्हणतात. ५ टक्के ड्रूप याचा अर्थ असा, की रिकाम्या अवस्थेपासून पूर्ण भारापर्यंत जाताना वारंवारता ५० च्या ५ टक्के, म्हणजे अडीच हर्ट्झने उतरेल. आता प्रत्येक वारंवारतेला प्रत्येक जनित्राचा एकच ठरलेला भार आहे. दोन जनित्रांची वारंवारता वेगळी असूच शकत नाही, म्हणून भारही आपोआप वाटला जातो. संदेशाची तार टाकावी लागत नाही.

हे पडताळून पाहायला कोयनेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत मासळी प्रक्रियेचे आणि बर्फाचे कारखाने आहेत. समजा, अशा एका कारखान्यात वीज गेल्यावर चालवायचे दोन डिझेल जनरेटर आहेत, एक ४०० किलोवॉटचा आणि दुसरा २०० किलोवॉटचा. दोघांचाही ड्रूप ४ टक्के, म्हणजे २ हर्ट्झ. रिकामे असताना दोन्ही ५२ हर्ट्झवर आणि पूर्ण भारावर ५० हर्ट्झवर येतील असे लावलेले आहेत. कारखान्याचा भार ३०० किलोवॉट, एकूण क्षमतेच्या निम्मा. काटा ५१ वर स्थिर होतो. मोठा २०० उचलतो, छोटा १००. दोघेही निम्म्या क्षमतेवर, कोणाचीही तक्रार नाही.

आता छोट्याच्या गव्हर्नरची मांडणी कोणीतरी १ हर्ट्झने खाली लावली असे धरू. तो रिकामा असताना ५१ आणि पूर्ण भारावर ४९. उतार तोच, फक्त सुरुवात खालून. भार तोच ३०० ठेवला, तर काटा सुमारे ५०.६७ वर स्थिरावतो. मोठ्यावर २६७ किलोवॉट येतात आणि छोट्याच्या वाट्याला जेमतेम ३३. कारखाना चालू आहे, दिवे लागले आहेत. बिघाड असल्याचे कोणाला कळतही नाही. रात्री शीतगृहाचे कॉम्प्रेसर थांबतात आणि भार १०० वर येतो. काटा ५१.३३ वर चढतो. या वेगाला छोट्याच्या गव्हर्नरच्या मते इंधन शून्याहूनही कमी हवे. मोठा १३३ किलोवॉट निर्माण करू लागतो. त्यातले १०० कारखान्याला जातात आणि उरलेले ३३ छोट्याला मोटरसारखे फिरवण्यात खर्ची पडतात. डिझेल जाळून दुसऱ्या डिझेल इंजिनाला ढकलण्याचा हा प्रकार उलट्या वीजप्रवाहाचा रिले लक्षात घेतो आणि छोटा संच जाळ्यातून तोडला जातो. मग पहाटे कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होतात, ४०० पर्यंतचाच भार पेलू शकणारा मोठा संच एकटा उरलेला असतो, आणि सगळेच बंद पडण्याची वेळ येते. संच ‘विनाकारण’ बंद पडतो अशी तक्रार अनेक ठिकाणी ऐकू येते तिच्यामागे बरेचदा हे कारण असते. ते ओळखण्याची रीत सोपी आहे. दोन्ही संच एकेकटे चालवून रिकाम्या अवस्थेत आणि ठरावीक भारावर वारंवारता मोजायची. दोन रेषा एकमेकींवर बसत नसतील तर दोष सापडला.

याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट लक्षात येते. मोठ्या जाळ्याला जोडलेल्या जनित्राची वेगाची कळ फिरवली तर वेग वाढत नाही, कारण वेग सगळ्यांचा मिळून ठरतो. वाढतो तो त्या जनित्राचा भार. कळव्याचे राज्य भार प्रेषण केंद्र पोफळीला ‘पन्नास मेगावॉट वाढवा’ असे सांगते तेव्हा प्रत्यक्षात तेथील ड्रूपची रेषाच वर सरकवली जाते. म्हणजे कामाचे दोन थर आहेत. पहिल्या काही सेकंदांत गव्हर्नरांनी आपापल्या उतारावर सरकून पडझड थांबवायची. मग काही मिनिटांत, माणसाच्या किंवा संगणकाच्या आदेशाने, रेषा वर सरकवून काटा परत ५० वर आणायचा. ड्रूपमुळे काटा आपणहून मूळ जागी येत नाही, थोडा खाली थांबतो. तो दोष नसून समान वाटणीची किंमत आहे.

कोयनेच्या चौथ्या टप्प्यातील २५० मेगावॉटचा संच आणि जयगडचा ३०० मेगावॉटचा संच, दोन्ही ५ टक्के ड्रूपवर आहेत असे धरले आणि काटा ५० वरून ४९.९० वर आला, तर घसरण अडीच हर्ट्झच्या ४ टक्के झाली. कोयनेने १० मेगावॉट वाढवायचे, जयगडने १२. हा झाला कागदावरचा हिशेब. देशातील २ लाख मेगावॉट जनित्रे याच शिस्तीने वागली, तर काटा एका दशांश हर्ट्झने घसरताच ८ हजार मेगावॉटची मदत आपोआप उभी राहायला हवी. प्रत्यक्षात तिचा लहानसा अंशच मिळत आला आहे आणि या विषयातला खरा प्रश्न तोच आहे.

हा प्रश्न महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर एकदा स्वच्छ उभा राहिला होता, पण त्या दिवशी राज्यात दिवे गेले नाहीत म्हणून त्याची चर्चाही झाली नाही. ३१ जुलै २०१२ रोजी दुपारी १ च्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची जाळी कोसळली. सुमारे ४८ हजार मेगावॉटचा भार अंधारात गेला. आदल्याच पहाटे उत्तरेचे जाळे एकदा पडले होते. दोन्ही वेळी सुरुवात मध्य प्रदेशातील बिना आणि ग्वाल्हेर यांना जोडणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिनीपासून झाली. पश्चिम विभाग दोन्ही दिवशी तगला आणि त्याबद्दल पाठही थोपटून घेतली गेली. तो कसा तगला, हे मात्र पाहण्यासारखे आहे.

त्या दुपारी पश्चिम विभागाची निर्मिती सुमारे साडेबत्तीस हजार मेगावॉट होती आणि स्वतःची मागणी सुमारे २८ हजार. उरलेली साडेचार हजारांच्या घरातील वीज बाहेर जात होती. वाहिन्या तुटल्या आणि ही वीज एका क्षणात नको झाली. निर्मितीच्या हिशेबाने ती १४ टक्के भरते. सगळे गव्हर्नर ५ टक्के ड्रूपवर मोकळे असते, तर १४ टक्के उत्पादन घटवण्यासाठी काट्याला अडीच हर्ट्झच्या १४ टक्के, म्हणजे ०.३५ हर्ट्झ एवढेच वर जावे लागले असते. काटा ५०.३५ च्या आसपास थांबायला हवा होता. प्रत्यक्षात तो ५१ च्याही वर गेला. ५१ हर्ट्झला पुस्तकाप्रमाणे प्रत्येक यंत्राने आपल्या क्षमतेच्या ४० टक्के उत्पादन सोडायला हवे. पश्चिम विभागाकडे तेवढी जादा वीज मुळात नव्हतीच. अर्थ उघड आहे. बहुतेक गव्हर्नर हललेच नव्हते किंवा फार थोडे हलले. जाळे वाचले ते काही जनित्रे अतिवेगाच्या संरक्षणाने पूर्णपणे बंद पडली म्हणून. सगळ्यांनी थोडे थोडे मागे सरण्याऐवजी काहींनी एकदम बाहेर फेकले जाणे, अशी ती सुटका होती. चौकशी समितीनेही आपल्या अहवालात जनित्रांकडून अपेक्षित प्राथमिक प्रतिसाद मिळाला नाही याकडे बोट दाखवले.

गव्हर्नर मग जागेवरच का अडकवून ठेवले होते? त्याचे मूळ भारनियमनाच्या दशकात आहे. त्या काळात काटा दिवसभर ४८ ते ५१ च्या पलीकडेपर्यंत झोके घेत असे. तूट कायमची होती, त्यामुळे संध्याकाळी प्रत्येक संच आधीच पूर्ण झडप उघडून चालत असे. उतारावर सरकायला जागाच नव्हती. उलट गव्हर्नर मोकळा ठेवला तर पहाटे काटा चढला की तो भार कमी करणार, दुपारी उतरला की वाढवणार. बॉयलरचा दाब दिवसभर वरखाली होणार. झीज एका केंद्राची, फायदा साऱ्या जाळ्याचा. अशा स्थितीत केंद्रचालकांनी गव्हर्नरला कुलूप घालण्याचा मार्ग पत्करला असेल, तर त्यात नुसता आळस नव्हता. ज्या सामायिक खुणेवर विसंबायचे तीच बेभरवशाची असेल, तर तिच्याकडे पाठ फिरवणे प्रत्येकाला शहाणपणाचे वाटते. आणि प्रत्येकाने पाठ फिरवली की ती खूण अधिकच बेभरवशाची होते.

हे चक्र तोडण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न यंत्राने नव्हे, पैशाने केला. उपलब्धतेवर आधारित दरपद्धती १ जुलै २००२ रोजी देशात सर्वप्रथम पश्चिम विभागातच लागू झाली. ठरलेल्या वेळापत्रकापेक्षा जास्त वीज उचलणाऱ्याला किंवा कमी निर्माण करणाऱ्याला त्या क्षणाच्या वारंवारतेनुसार पैसे मोजावे लागू लागले. काटा ५०.५ वर असेल तर दर शून्य. तो जसजसा ४९ कडे उतरेल तसा दर युनिटमागे ४ रुपये २० पैशांपर्यंत चढत जाई. नीट पाहिले तर हाही ड्रूपच होता, फक्त वाफेच्या झडपेऐवजी हिशेबाच्या वहीत आखलेला. मंडळांचे अधिकारी भिंतीवरचा वारंवारतेचा आकडा पाहून भारनियमन करायचे की वीज उचलायची हे ठरवू लागले. काटा सुधारला. पण पैशाचा हा हिशेब १५-१५ मिनिटांच्या तुकड्यांनी होतो. जनित्र बंद पडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात त्याचा काही उपयोग नसतो. तेथे झडपच हलावी लागते.

तिच्यासाठी केंद्रीय वीज नियामक आयोगाने २०१० मध्ये तडजोड काढली. मोठ्या संचांनी गव्हर्नर ‘मर्यादित’ स्वरूपात मोकळा ठेवायचा. काटा घसरला तर उत्पादन वाढवायचे, पण तो ५०.२ च्या खाली असताना सुधारू लागला म्हणून उत्पादन घटवायचे नाही. तुटीच्या दिवसांत हे समजण्यासारखे होते. मात्र सरळ उताराची रेषा त्यामुळे एका बाजूने वाकली. २०१४ मध्ये काट्याची मान्य हद्द ४९.९० ते ५०.०५ इतकी आक्रसली. २०१७ च्या दुरुस्तीने संचाची पूर्ण क्षमता वेळापत्रकात विकता येईल, तिच्यापलीकडची झडपेतील शिल्लक मात्र विकता येणार नाही, असे बंधन आले. ती शिल्लक गव्हर्नरसाठी राखून ठेवायची होती. ऑक्टोबर २०२३ पासून लागू असलेल्या नव्या ग्रिड संहितेत ड्रूप ३ ते ६ टक्क्यांच्या मध्ये हवा, काटा ०.०३ हर्ट्झपेक्षा जास्त ढळला की प्रतिसाद लगेच सुरू व्हावा, ४५ सेकंदांत पूर्ण मिळावा आणि पुढे निदान ५ मिनिटे टिकावा, असे स्पष्ट लिहिले आहे.

नियम सर्वांना सारखा असला तरी पोफळी आणि जयगड तो सारख्या रीतीने पाळू शकत नाहीत. औष्णिक संचाची झडप उघडताच बॉयलरमध्ये साठलेली वाफ टर्बाइनकडे धावते आणि पहिले काही मेगावॉट झटकन मिळतात. पण ही साठवण थोडी असते. अर्ध्या-पाऊण मिनिटात वाफेचा दाब उतरू लागतो. दळलेला कोळसा वाढून नवी वाफ तयार व्हायला काही मिनिटे लागतात. दाब सांभाळणारी नियंत्रण यंत्रणा याच वेळी झडप पुन्हा मिटू लागली, तर गव्हर्नरने दिलेली मदत तीच परत काढून घेते. नोंदींचा आलेख पाहिला की हा दोष लगेच ओळखता येतो. काटा घसरताना उत्पादनाचे एक टोक वर जाते आणि मिनिटभरातच, काटा अजून खालीच असताना, ते खाली येते. असा संच तपासणीच्या कागदावर नियम पाळणारा ठरतो, गरजेच्या वेळी मात्र उपयोगी पडत नाही.

पाण्याचा स्वभाव वेगळा. कोयनेच्या पाण्याला सुमारे पावणेपाचशे मीटरची उंची मिळते आणि ते लांब बोगद्यांतून व नळांतून येते. टर्बाइनचे द्वार अचानक उघडले, तर नळातील पाण्याच्या अवजड स्तंभाला वेग घ्यायला वेळ लागतो. द्वाराशी दाब पडतो आणि निर्मिती वाढण्याऐवजी क्षणभर घटते. गव्हर्नर उतावळा असेल तर त्याला वाटते मदत कमी पडली, म्हणून तो आणखी उघडतो. थोड्या वेळाने पाणी वेग घेते आणि निर्मिती गरजेपेक्षा जास्त होते. हे झोके टाळण्यासाठी जलविद्युत गव्हर्नरला एक तात्पुरता, मोठा ड्रूप दिलेला असतो. सुरुवातीचे काही सेकंद तो मुद्दाम संथ वागतो आणि मग नेहमीच्या उतारावर येतो. पण एकदा वेग घेतला की पाण्याइतका मोठा आणि टिकाऊ प्रतिसाद कोळसा देऊ शकत नाही. घटवतानाही तेच. पोफळीच्या पहिल्या दोन टप्प्यांतील पेल्टन चाकांसमोर पाण्याचा झोत बाजूला वळवणारी पाती असतात. नळातील पाणी न थांबवता चाकावरचा जोर क्षणात काढून घेता येतो.

अंजनवेलच्या वायू टर्बाइन या दोन्हींच्या मध्ये बसतात. चालू असताना त्या चपळ असतात. पण जानेवारी २००१ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ आणि दाभोळ पॉवर कंपनी यांच्यात झालेला सुमारे ४०० कोटी रुपयांच्या दंडाचा वाद पुष्कळांना आठवत असेल. थंड अवस्थेतील प्रकल्प करारात म्हटल्याप्रमाणे ठरावीक वेळेत पूर्ण भारावर आला नाही, असा मंडळाचा आरोप होता. कंपनीने तो मान्य केला नाही. तो करारातील तासांचा प्रश्न होता, गव्हर्नरच्या सेकंदांचा नव्हे. तरी त्यातून एक साधी गोष्ट कळते. बंद असलेल्या यंत्राला ड्रूप नसतो. कितीही चांगला गव्हर्नर बसवला असला तरी चाक फिरत नसेल तर जाळ्याच्या दृष्टीने ते तेथे नाहीच. नंतरच्या वर्षांत स्वस्त वायूच्या अभावी हा प्रकल्प क्षमतेच्या लहानशा भागावरच चालला.

सगळे जमून आले तर काय होते, याचा दाखला ५ एप्रिल २०२० च्या रात्रीचा. पंतप्रधानांच्या आवाहनावरून देशाने ९ वाजता ९ मिनिटे दिवे मालवले. मागणी १२ ते १४ हजार मेगावॉटने घटेल असा यंत्रणेचा अंदाज होता. ती ३१ हजार मेगावॉटने घटली. ८ वाजून ४९ मिनिटांनी १ लाख १७ हजारांवर असलेला भार ९ वाजून १० मिनिटांनी ८६ हजारांखाली होता. २०१२ च्या दुपारपेक्षा हा धक्का कितीतरी मोठा, तरी काटा ४९.७० ते ५०.२६ या हद्दीबाहेर गेला नाही. अर्थात येथे वेळ आधी ठाऊक होती आणि औष्णिक केंद्रे अगोदरच उतरवून जलविद्युत मुद्दाम चढवून ठेवलेली होती. पावणेनऊ ते ९ वाजून १० मिनिटे या काळात देशातील जलविद्युत साडेसतरा हजार मेगावॉटने घटवली गेली. त्यातला मोठा भाग नियोजित आदेशांचा होता. पण अंदाज आणि वास्तव यांत निम्म्याहून अधिक फरक पडूनही काटा सावरला, त्याचे श्रेय फिरत असलेल्या आणि दोन्ही दिशांना सरकायला जागा असलेल्या यंत्रांना द्यावे लागते.

आजची अडचण त्या जागेचीच आहे. दुपारी सौर वीज वाढली की औष्णिक संच किमान भारावर येतात किंवा बंद होतात, आणि कोयनेचे पाणी संध्याकाळसाठी राखले जाते. सौर इन्व्हर्टरला फिरणारे चाक नसते. काटा चढला तर उत्पादन घटवण्याचा ड्रूप त्यात लिहिता येतो आणि १० मेगावॉटहून मोठ्या नव्या प्रकल्पांना तो बंधनकारकही आहे. काटा घसरला तर वाढवण्यासाठी मात्र आधीपासून थोडे ऊन वाया घालवावे लागेल. ते कोण आणि कशासाठी घालवेल? प्राथमिक प्रतिसाद ही सक्ती आहे, त्याला स्वतंत्र मोबदला नाही. जयगडसारख्या ३०० मेगावॉटच्या संचाला ५ टक्के राखायचे म्हणजे १५ मेगावॉटची मोकळी जागा कायम ठेवायची. ती न ठेवणारा केवळ नोंदी तपासल्या तरच सापडतो. पैशाच्या खुणेचीही मध्यंतरी ओढाताण झाली. डिसेंबर २०२२ मध्ये वेळापत्रकापासून ढळण्याचा दर वारंवारतेपासून तोडण्यात आला. काट्याची अवस्था बिघडू लागताच आयोगाला काही आठवड्यांत पाऊल मागे घ्यावे लागले आणि २०२४ च्या नियमांत वारंवारतेचा धागा पुन्हा जोडला गेला.

कोयनेकडे बोट दाखवणे सोपे आहे, पण तिलाही लगाम आहे. कृष्णा पाणीतंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवण्याच्या पाण्याला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घालून दिली. हे वर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मे रोजी संपते. शेवटच्या महिन्यांत पूर्वेकडील सिंचनाची आणि पिण्याची मागणीही त्याच धरणावर येते. म्हणजे नेमक्या मे महिन्यात, मागणी शिखरावर असताना, पोफळीची चाके दुपारभर थांबलेली असण्याची शक्यता सर्वाधिक असते. त्या वेळी कुठे मोठे जनित्र गळाले, तर काटा सावरण्याचे पहिले काम जयगडसारख्या, अर्ध्या भारावर सौर विजेला वाट देत उभ्या असलेल्या कोळशाच्या संचांवर पडते. बॉयलरमधील साठलेल्या वाफेवर ते पहिले अर्धे मिनिट निभावतील. पुढची साडेचार मिनिटे मात्र बॉयलरला कोळसा वेळेवर मिळतो का आणि दाबाचे नियंत्रण झडप मिटू देते का, यावर ठरतील.